कृपया मागे पाहा

गवतबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कॉलेजात कोणी उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. विषय वनस्पतिशास्त्र, पण जीव गवतावर. मुलांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव हळूहळू तोंडासमोर आलं, मग ऑफिसात गेलं, आणि एकदा तर प्राचार्यांच्या भाषणात अगदी ओठांवर येऊन परत गेलं. बाई पहिल्या रांगेत बसून खुदकन हसल्या. चालताना त्यांची नजर कायम जमिनीवर. फरशीच्या फटीत काही हिरवं दिसलं की त्या तिथेच थांबायच्या आणि मागून येणारा त्यांच्यावर आदळायचा. अशा आदळलेल्या माणसांपैकी बरेच जण पुढे त्यांचे चांगले मित्र झाले.

वय पन्नाशीकडे झुकलेलं. नोकरी मात्र अजून वर्षाच्या बोलीवरची. दर वर्षअखेरीला ती संपायची, नव्या सत्राला नवी ऑर्डर निघायची, मधल्या काळात बाई कागदोपत्री कोणीच नसायच्या. त्या काळातही त्या कॉलेजात यायच्या, कारण प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या कुंड्यांना ऑर्डरबिर्डर कळत नव्हती.

हे असं चाललं होतं, कारण विभागातली एक कायमची जागा कित्येक वर्षं रिकामी पडली होती आणि बाई त्या रिकामपणात बसल्या होत्या. आता ती जागा भरायची ठरली. जाहिरात आली, अर्ज मागवले. सगळ्यांनी बाईंचं अभिनंदन केलं, जणू मिळालीच. पण सरळ हिशेब असा होता की जागा दुसऱ्या कोणाला मिळाली तर बाईंची वर्षाची ऑर्डरही निघणार नाही. कुंड्या, कपाट आणि खिडकी सगळं सोडून घरी बसायचं. पुन्हा अशी जाहिरात येईपर्यंत बाईंचं वय थांबणार नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बायोडेटा लिहिला आणि ताईसमोर ठेवला.

ताई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण. दुसऱ्या एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक म्हणून निवृत्त झालेली, मुलगी लांब राहणारी, नवरा गेल्यापासून धाकटीकडे राहायला आलेली. धाकटीला शाळेत घातलं तेव्हाचा अर्जसुद्धा ताईनेच भरला होता, आणि त्यानंतरचा एकही अर्ज दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू दिला नव्हता. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिचं निवृत्तीच्या वेळचं गौरवपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. जाड, मलईसारखा कागद, खाली संस्थेच्या अध्यक्षांची सही. ताई त्याच्या बरोबर समोर बसून जेवायची.

बायोडेटा अर्धं पान होता. ताईने तो वाचला, उलटून पाहिला, मागे काहीच नाही म्हणून पुन्हा सुलटा केला.

"बाकीचा कुठाय?"

"एवढाच आहे."

"‘बरीच वर्षं शिकवते आहे.’ हे काय आहे? हा बायोडेटा आहे की पत्र?"

"मग शिकवतेच आहे ना बरीच वर्षं."

ताईने चष्मा काढला. ऑफिसात असताना ती चष्मा काढायची तेव्हा प्राध्यापक मंडळी खुर्चीत सावरून बसायची, असं ती स्वतःच सांगायची. "हे बघ. छाननीला बसलेल्या माणसाला तू माहीत नसतेस. त्याच्यासमोर ढीग असतो आणि हातात गुणांचा तक्ता असतो. अध्यापनाला इतके, संशोधनाला इतके, विद्यार्थी मार्गदर्शनाला इतके, कार्यशाळांना इतके. ज्याचा कागद आहे त्याचा गुण. कागद नाही, तर तू ते केलंच नाहीस."

"पण मी केलंय."

"देवाला सांग. छाननी समितीला कागद दाखव."

मग काही दिवस घरात दुसरं काही झालंच नाही. अध्यापनाचा भाग ताईने वर्षवार मांडला: कुठला वर्ग, कुठला विषय, आठवड्याला तासिका किती, प्रात्यक्षिकं किती, प्रत्येक ऑर्डरची तारीख आणि दोन ऑर्डरींमधला खंड. बाईंना तो खंड दाखवायची लाज वाटत होती. ताई म्हणाली, "खंड लपवला की अनुभवाच्या दाखल्याशी मेळ बसत नाही आणि अख्खा अर्ज बाद होतो. मी स्वतः केलेत बाद." प्राचार्यांच्या सहीचा अनुभवाचा दाखला, विभागप्रमुखांच्या सहीचा कार्यभाराचा तक्ता, सगळं आलं. विभागप्रमुख भिडस्त माणूस, कशालाही "बघू" म्हणायचे. ताईने फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच "लगेच" म्हटलं.

संशोधनात बाईंचा प्रबंध होता, पायवाटेवर तुडवली जाऊनही टिकून राहणाऱ्या गवतांवरचा, आणि त्याच विषयावरचे लेख. कोणत्या लेखात बाईंचं नाव पहिलं, कोणत्यात दुसरं, नियतकालिक कुठलं, पानं कुठली, ते सगळं ताईने नीट लावलं. एक लेख नुसता स्वीकारला गेला होता, छापून यायचा होता. ताईने तो वेगळ्या ओळीत ठेवला आणि संपादकांचं पत्र जोडायला लावलं. "छापलेला आणि छापायचा एकत्र लिहिला तर लबाडी दिसते," ती म्हणाली.

विद्यार्थी मार्गदर्शनाशी आल्यावर वाद झाला. बाईंना पीएचडीचे विद्यार्थी घ्यायची मान्यता नव्हती, ती कायमच्या लोकांना मिळते. त्यांच्या नावावर होते ते पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प. ते ताईने घेतले. पण बाईंनी खाली एक ओळ लिहिली होती: "पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर दरवर्षी हाताळता येईल असा वनस्पतींचा संच तयार केला." ताईने त्यावर लाल रेघ मारली.

"याचं प्रमाणपत्र कोणी दिलं?"

"कोणी कशाला देईल? आम्ही आपलं करतो."

"मग नाही."

"अगं, माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते."

"असेल. पुरावा नाही." आणि ताई पुढच्या भागाकडे वळली. "कार्यशाळा. तू हजर राहिलेल्या, तू घेतलेल्या, तज्ज्ञ म्हणून गेलेल्या. यादी छान आहे हं तुझी. आण प्रमाणपत्रं."

गवतबाई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या.

"कुठे आहेत?"

"कॉलेजात आहेत. कपाटात."

"मग उद्या आण."

"आणण्यासारखी नाहीत ती," बाई म्हणाल्या. "म्हणजे... तूच ये."

दुसऱ्या दिवशी ताई पहिल्यांदा धाकटीच्या प्रयोगशाळेत आली. लांब ओटे, उंच स्टुलं, मोठं बेसिन, आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. बाईंनी कपाट उघडलं, एक सपाट खोकं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. ताईने वरचा कागद उचलला. एका बाजूला झोकदार अक्षरात बाईंचं नाव, कार्यशाळेचं नाव, आयोजकांचा शिक्का. दुसऱ्या बाजूला वाळवलेली आंबुशी, पानांसकट, कागदाच्या बारीक पट्ट्यांनी चिकटवलेली. खाली चिठ्ठी: वनस्पतीचं नाव, कुळ, कुठे सापडली, कधी, कोणी गोळा केली.

ताईने दुसरा कागद उचलला. मग तिसरा. सगळेच तसे.

"हे तू केलंस?"

"वाळवलेल्या वनस्पतींच्या मोठ्या शीट कॉलेजात आहेत, पण त्या परीक्षेसाठी कुलपात असतात. त्यांना हात लावायची परवानगी नाही. मुलांच्या हातात द्यायला काही नको का? आणि ताई, प्रमाणपत्रांचा कागद इतका चांगला असतो! पातळ कागदावर गवत मोडतं. हा वाकत नाही."

"शिक्क्याच्या प्रमाणपत्रावर तण चिकटवलंस!"

"शिक्क्याच्या मागे," बाई म्हणाल्या, "आणि ते तण नाही."

ताई स्टुलावर बसली. आयुष्यभर तिने कागद जपले होते, कोपरे न दुमडता, भोकं मधोमध पाडून. हिला मी लहानाची मोठी केली आणि ही अशी निघाली, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की बाईंना वाईटही वाटलं आणि हसूही आलं. हसू त्यांनी दाबलं, म्हणून ताईला ते जास्तच दिसलं.

"दमट टिपकागदात ठेव," ताई शेवटी म्हणाली. "डिंक सुटेल. प्रमाणपत्रं मोकळी होतील."

"पानांचा भुगा होईल."

"होऊ दे. पावसाळ्यात पुन्हा गवत उगवेल. नोकरी उगवणार नाही."

"ताई, ही मुलांनी लावलीत."

"मुलं पास होऊन गेली! तू इथेच आहेस, वर्षाच्या बोलीवर!"

बाईंनी खोकं जवळ ओढलं. "मी नाही सोडवणार," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण खोक्यावरचा हातही काढला नाही. ताईचं ऐकलं नाही असं त्यांच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं होतं, आणि त्या दर वेळी ताईला आधीपासून माहीत असायचं की आता काही उपयोग नाही.

तेवढ्यात प्रात्यक्षिकाची मुलं आली. ताईला बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून ती मागच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली.

बाईंनी तेच खोकं मुलांत फिरवलं. एक मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, सगळी गवतं सारखीच असतात." बाई त्याच्याजवळ गेल्या. मोठा आनंद झाल्यासारख्या. त्यांनी कुंडीतली एक ताजी काडी त्याच्या हातात दिली. "बोटांत फिरव. डोळे मीट." त्याने फिरवली. "आता ही." दुसरी काडी. मुलाने डोळे उघडले. "ही गोल आहे. हिला कडा आहेत. तीन."

"मग सारखी कशी? कडा आहेत तो लव्हाळा, तो गवतच नव्हे. आता ही गोल घे. पान काडीला मिठी मारतं तिथे हळूच उघड. आत काय आहे?"

"बारीक पडदा आहे."

"त्याला जिभली म्हणतात. आता खोक्यातल्या गवतांत जिभल्या शोध. मोडलं तर मोडू दे, परत लावू."

एका मुलीने आवारातून आणलेलं रोप दाखवलं, वरून खुडलेलं. "मुळासकट आणायचं," बाई म्हणाल्या. "मुळाशिवाय गवत म्हणजे अर्धी गोष्ट. जा, खुरपं घेऊन जा, आणि परत ये." मुलगी धावत गेली. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. ती मुलगी माती सांडत परत आली, तेव्हा सगळे तिच्याभोवती जमले.

ताईने हा सगळा कार्यभार वर्षवार, तासिकांसह, स्वतःच्या हाताने तक्त्यात मांडला होता. पण धाकटीचा एकही तास तिने आजवर पाहिला नव्हता. हे बाईंच्या लक्षात आलं ते मुलं गेल्यावर, मागे ताई अजून तशीच बसलेली दिसली तेव्हा.

"तास लांबला तुझा," ताई म्हणाली.

"लांबतो."

"तो ज्यादा वेळ कुठल्या रकान्यात लिहायचा?"

"कुठल्याच नाही."

ताई उठली, पर्स खांद्याला लावली. दोघी घरी आल्या. घराच्या जिन्याच्या पायथ्याशी, फरशीच्या फटीतून वर आलेल्या एका झुबक्याला ती वळसा घालून गेली. एरवी ती त्यावर पाय देऊनच चढायची.

अर्ज मुदतीत गेला. प्रमाणपत्रांची छापील बाजू बाईंनी फोटो काढून जोडली, कारण झेरॉक्सच्या झाकणाखाली गवत चिरडलं असतं. ताईने आयोजकांना दुसऱ्या प्रतीसाठी पत्रं पाठवली. काहींनी दिली, काहींनी उत्तरच दिलं नाही, एका ठिकाणी तो विभागच बंद झाला होता. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मूळ कागदपत्रांसह हजर राहावे.

"आता मूळ कागदपत्रं म्हणजे ती," बाई म्हणाल्या.

"मला काही सांगू नकोस," ताई म्हणाली. "त्या खोक्याला मी हात लावणार नाही. आणि भिंतीवरच्या माझ्या गौरवपत्राकडे नजर टाकलीस तर याद राख."

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी बाई खोकं घरी घेऊन आल्या. पण सकाळी त्या न्हाऊन बाहेर आल्या तेव्हा टेबलावर फाईल तयार होती. प्रत्येक प्रमाणपत्र पारदर्शक पाकिटात, गवत चेपणार नाही असं मोकळं, क्रमाने, नाडी बांधलेली. "उशीर होतोय," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. बाईंनी फाईल उचलली आणि निघाल्या.

पडताळणीच्या टेबलावरच्या लिपिकाने फाईल उघडली, एक पाकीट उजेडात धरलं. "मॅडम, हे काय उगवलंय?"

बाईंनी सांगितलं. त्याने मान हलवली. माणूस वाईट नव्हता. "मला तर ‘मूळ प्रत खराब’ असाच शेरा मारावा लागेल. कार्यशाळांचे गुण धरायचे की नाही ते समिती ठरवेल." त्याने शेरा मारला. बाहेरच्या बाकावर बाकीचे उमेदवार बसले होते. शेजारच्या तरुणाच्या फाईलला रंगीत खुणांच्या पट्ट्या लावलेल्या, भागवार. तो इतका सज्जन होता की त्याने बाईंना स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, आणि त्यामुळे त्याचा रागसुद्धा करता येईना. बाई मनातल्या मनात कुंड्या कोणाच्या हवाली करायच्या याचा विचार करू लागल्या.

आत प्राचार्य अध्यक्ष, बाजूला विभागप्रमुख, आणि समोर बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ, चष्मा कपाळावर सरकवून बसलेले वयस्क गृहस्थ. कार्यभारावर प्रश्न आले, बाईंनी नीट उत्तरं दिली. तज्ज्ञांनी पायवाटेच्या गवतांवर चांगलं खोदून विचारलं, तिथेही बाई ठीक होत्या. मग प्राचार्यांनी शेरा वाचला आणि भुवया चढवल्या.

"प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती खराब आहेत असं दिसतं. कार्यशाळांचं काय करायचं?"

"बघू," विभागप्रमुख म्हणाले.

तज्ज्ञांनी फाईल ओढून घेतली. पहिलं पाकीट हातात धरून त्यांनी चष्मा खाली आणला. "कृपया मागे पाहा," त्यांनी मोठ्याने वाचलं.

बाईंनी चमकून पाहिलं. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी कागदी पट्टी होती. सरळ, टपोरं, ऑफिसातलं अक्षर. हे अक्षर त्यांनी आपल्या शाळेच्या अर्जापासून पाहिलं होतं.

तज्ज्ञांनी मागे पाहिलं. मग दुसऱ्या पाकिटावरही तेच वाचलं, आणि तिथेही मागे पाहिलं.

"काडीवरच्या या पट्ट्या सगळ्या उलट्या बाजूने चिकटवल्यात," ते म्हणाले.

"तो मुलगा डावखुरा होता," बाई म्हणाल्या. "आणि फार उतावळा. डिंक सुकेपर्यंत त्याला धीर नसायचा. आता रोपवाटिका चालवतो. रोपांच्या बाबतीत मात्र धीर आला त्याला."

"इथे नाव खोडून खोडून लिहिलंय."

"तीनदा चुकली ती. मी खोडू दिलं, फाडू दिलं नाही. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे आता. परवा फोन आला होता, अजूनही चुकते म्हणाली, पण आता स्वतःच पकडते."

"याला मूळच नाही."

"ती माझी चूक आहे. मुळासकट आणा असं सांगायचंच राहिलं माझ्याकडून. तेव्हापासून दरवर्षी आधी हाच कागद दाखवते."

तज्ज्ञ पुढच्या पाकिटाशी थांबले. तिथे चिठ्ठीवर नावाची जागा कोरी होती. "आणि हे?"

"ते मला ओळखता आलेलं नाही. मुलांना दाखवते. बाईंनाही येत नाही असं काही असतं, हे त्यांना कळलं पाहिजे."

तज्ज्ञांनी खिशातून भिंग काढलं. ते प्राचार्यांना विसरले, बाईही विसरल्या. दोघं टेबलावर वाकून त्या वाळक्या काडीवर भांडू लागले, जिभली आहे का केसांची झालर आहे, आणि शेवटी तज्ज्ञ म्हणाले, "नाही, मलाही खात्री नाही," आणि लहान मुलासारखे खूश दिसले.

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "बाई, हे विद्यार्थ्यांचं झालं. आम्हाला तुमच्याबद्दल सांगा."

"सांगतेच आहे की, सर," गवतबाई म्हणाल्या.

त्या खरंच गोंधळल्या होत्या, म्हणून कोणी हसलं नाही. तज्ज्ञांनी बायोडेटाची पानं चाळली. "मार्गदर्शनात हे कुठे दिसत नाही."

"एक ओळ होती. पुरावा नव्हता म्हणून काढली."

तज्ज्ञांनी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, आणि ते प्राचार्यांपुढे सरकवलं, गवताची बाजू वर करून. मग विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "पहिल्या वर्षाची सगळी मुलं यावरच शिकतात, सर," ते म्हणाले. "मी लेखी देतो तसं." भिडस्त माणूस एवढं बोलून लाल झाला. प्राचार्यांनी लिपिकाचा शेरा पुन्हा वाचला, शिक्के आणि सह्या एकेक करून तपासल्या, आणि शेऱ्याखाली लिहिलं: छापील बाजू सुस्थितीत, प्रती ग्राह्य.

बाई घरी आल्या तेव्हा ताई दार उघडं टाकून जुनी वर्तमानपत्रं लावत बसली होती. ती कालही लावून झाली होती.

"मागे पाहिलं का त्यांनी?" ताईने मान वर न करता विचारलं.

बाईंनी फाईल खाली ठेवली. त्या तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, शाळेत पहिल्या दिवशी टेकलं होतं तसं. "पाहिलं," त्या म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी. ते एक ओळखू न आलेलं तर भिंगाने."

"मग वेळ गेला असेल. बाकीचे उमेदवार?"

"बाहेर बसले होते."

"बसू देत," ताई म्हणाली. तिचा हात बराच वेळ धाकटीच्या केसांतून फिरत होता.

काही आठवड्यांनी कायमच्या नेमणुकीचं पत्र आलं. बाई प्रयोगशाळेत होत्या; ताईने ते फोनवर वाचून दाखवलं, तारखेपासून जावक क्रमांकापर्यंत, आणि मधे कुठेतरी तिचा आवाज फुटला. तिने खोकला आल्याचं सांगितलं. बाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि कुंड्यांकडे बघून रडल्या. खिडकी आता त्यांची होती.

संध्याकाळी टेबलावर पत्राची नक्कल लॅमिनेट करून ठेवलेली होती. "मूळ पत्र माझ्या कपाटात आहे, कुलपात," ताई म्हणाली. "आणि यावर डिंक बसत नाही, मी विचारून आले."

बाई हसत जेवायला बसल्या आणि समोर पाहून त्यांचा हात थांबला. भिंतीवर चौकट होती, आत नुसता पुठ्ठा. ताईने टेबलाच्या खणातून तो जाड, मलईसारखा कागद काढला आणि धाकटीपुढे ठेवला, सहीची बाजू खाली करून.

"मागची बाजू कोरी आहे," ती म्हणाली. "चांगला कागद आहे. वाकत नाही."

"ताई, अगं, हे तुझं गौरवपत्र आहे."

"माहीत आहे. पुढची बाजू मला तोंडपाठ झाली आहे, रोज जेवताना वाचून." ताईने पदर खोचला. "जिन्यापाशी ते झुबकेवालं आहे ना, फटीतलं. झाडूवाल्याला मी महिनाभर सांगतेय, त्याला हात लावू नको म्हणून. चल. उजेड आहे तोवर."

बाई उठल्या. ताई पुढे झाली होती, हातात स्वयंपाकघरातला मोठा चमचा घेऊन. जिन्याच्या पायथ्याशी ती गुडघे सांभाळत खाली बसली आणि फटीतली माती कडेने मोकळी करू लागली.

"ताई, मुळासकट हं," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "त्या दिवशी तासाला होते मी."